चौदा पूर्ण होईपर्यंत

झुमूरची आणि माझी ओळख एका खोक्याने करून दिली.

त्या दिवशी मी नारायणगंजला वाहिदुज्जमान साहेबांच्या होजियरीत न कळवता गेले होते. मी एका डॅनिश कंपनीच्या ढाका ऑफिसात काम करते. कंपनी लहान मुलांचे स्वेटर विकते, ते वाहिद साहेबांसारख्यांकडून बनवून घेते, आणि त्या कारखान्यांत माणसांना नीट वागवतात की नाही, हे मी बघते. गेटवर मला "बसा आपा, लाल चहा घ्या आपा, वरचा पंखा बंद आहे आपा" करत इतका वेळ अडवून ठेवलं, की माझ्या मनात पाल चुकचुकली. चहा तसाच ठेवून मी जिना चढले.

चौथ्या मजल्यावर तयार मालाचं काम चालतं. स्वेटरचे लोंबते धागे कापायचे, बटणं तपासायची, घडी घालायची, पिशवीत भरायचं. बाया मान खाली घालून काम करत होत्या. पण टेबलांवर कात्र्या जास्त होत्या आणि हात कमी. काही कात्र्या तर अजून उघड्याच पडलेल्या, जणू आत्ताच कुणीतरी टाकून पळालंय.

मी भिंतीकडच्या खोक्यांच्या ढिगापाशी गेले आणि एका खोक्याला उचकी लागली.

सुपरवायझर जोरजोरात खोकायला लागला. पण खोकं काही ऐकेना. पुन्हा उचकी.

"या खोक्याला जरा पाणी द्या हो," मी म्हटलं.

एका बाईला हसू आवरेना. मग दुसरीला. खोक्याचं झाकण हळूच वर आलं आणि आतून एक काळीसावळी, तेल लावून चापून वेणी घातलेली मुलगी बाहेर डोकावली. ओठाला मुडीचे, म्हणजे मुरमुऱ्यांचे, कण चिकटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुपरवायझरकडे पाहिलं आणि त्यालाच दम दिला, "सांगत होते ना, खाताना घाई करू नका म्हणून! सुकी मुडी घशात अडकली!"

"नाव काय तुझं?"

"झुमूर. वय अठरा." तिने एका दमात सांगितलं. मग उचकी.

अठरा! माझ्या कोपरापर्यंत पोचत होती ती.

तेवढ्यात खिडकीतून खाली बघते तर मागच्या जिन्याने एका चिमुरडीचा हात धरून कुणीतरी तिला गल्लीत सोडत होतं. मी ओरडले, खाली धावले, पण मी पोचेपर्यंत गल्ली रिकामी. तिचं नाव पारुल, हे मला नंतर झुमूरकडून कळलं. गच्चीवर आणखी एक मुलगी सापडली, मोर्जिना. ती भेदरून टाकीमागे बसली होती.

वाहिद साहेब धापा टाकत वर आले. साठीचे, पोट सुटलेले, दाढीला मेंदी. मला ते लेकीसारखं वागवायचे, आणि लेकीशी बोलतात तसंच खोटंही बोलायचे.

"बेटी, तू उगाच मनाला लावून घेतेस," ते म्हणाले. "कुणाची तरी पोर आईला डबा द्यायला आली असेल. चल, आत्ताच्या आत्ता दोघींना गेटबाहेर काढतो. प्रश्न मिटला."

"मिटला नाही, सुरू झाला," मी म्हटलं. "चाचा, आज एकही मूल गेटबाहेर जायचं नाही. पारुल गेली, ती कुठे गेली सांगू शकता? उद्या कुठे जाईल?"



आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत कुणी नाही. परदेशी ऑर्डरवाल्या कारखान्यात पंखा असतो, गेट असतं, कधीतरी माझ्यासारखी कुणी येऊन बघते. तिथून पोराला हाकललं, की ते शाळेत जात नाही. ते पाटी नसलेल्या गल्लीतल्या खोलीत जातं, नाहीतर विटा फोडायला, नाहीतर कुणाच्या घरी भांडी घासायला, जिथे दार आतून बंद होतं. म्हणून पहिली गोष्ट ही, की काम थांबवायचं, पण मुलाला सोडायचं नाही.

दोघींना मी ऑफिसात आणून बसवलं. बटाट्याचे शिंगाडे, म्हणजे समोसेच, मागवले. सुपरवायझरला बाहेर काढलं, कारण त्याच्या तोंडादेखत दोघींनी मला अठराच सांगितलं असतं. फोटो कुणाचाही काढला नाही. पारुलसाठी वाहिद साहेबांचा माणूस वस्तीत पाठवला. तो हात हलवत परत आला.

"आता माझा पगार बुडणार?" झुमूरने शिंगाड्याचा बटाटा आधी खात विचारलं.

"नाही. तू काम करायचं नाहीस, पण पगार चालू राहील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला म्हातारी-कोतारी समजून फसवतेय. "काम न करता पगार फक्त सुपरवायझरला मिळतो," ती म्हणाली.

वाहिद साहेबांना हसू फुटलं. त्यांनी ते दाढीत लपवलं.

*

वय ठरवणं हे सगळ्यात किचकट काम. कारखान्यात दोघींचे जन्माचे दाखले होते, दोन्ही फोटोकॉपीच्या दुकानात जन्मलेले. झुमूरच्या दाखल्यावर तर तिच्या मावशीचा फोटो होता. ते बाजूला ठेवून मी दोघींना कंपनीच्या ठरलेल्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, उंची-वजन घेतलं, प्रेमाने विचारपूस केली. शेवटी त्या म्हणाल्या, "दातांवरून नेमकं वर्ष कळत नाही, मेहजबीन. अंदाज कळतो. बाकीचं घरच्यांना विचार."

मोर्जिना हाडाने बारीक निघाली, पण होती पंधरा पुरी. भावाच्या शाळेच्या नोंदीवरून तिचा हिशेब लागला. आमच्या कायद्यात चौदा झाल्यावर काम करता येतं, पण कमी तास, जड काम नाही, रात्री नाही. तिला तसं काम दिलं. ती इतकी खूश झाली, की घाबरून टाकीमागे बसल्याचा तिला रागच आला.

झुमूरचं वय विचारायला मी तिच्या घरी गेले. शीतलक्षा नदीच्या काठी, रंगकामाच्या गटाराला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग, तिथे. तिची आई खोदेजा चूल फुंकत होती. मांडीवर दीड वर्षाचा टुनू. ही माणसं जामालपूरकडच्या चरावरची, नदीतल्या गाळाच्या बेटावरची. नदीने घर गिळलं, शेत गिळलं, आणि नवरा चट्टग्रामला जहाजं तोडायला गेला तो परतला नाही.

"लेक कधी झाली तुमची?"

"मोठ्या पुरात. छपरावर झाली. सुईण होडीतून आली आणि पैसे घेतल्याशिवाय होडीतून उतरेना." खोदेजाने चुलीतला धूर हाताने उडवला. "पण तुम्ही कशाला विचारता? कामावरून काढलंत ना? आता या दोघांच्या तोंडात काय घालू, तुमचा कायदा?"

पुराचं साल आणि चरावरच्या शाळेतल्या मास्तरांची फोनवरची आठवण जुळली. झुमूर बारा वर्षांची होती. दुसरीत शाळा सुटली होती.

मी खोदेजाला समजावलं. झुमूरला मिळत होता तेवढाच पगार दर महिन्याला तिच्या, म्हणजे आईच्या, मोबाईलच्या खात्यात येईल. झुमूर एका संस्थेच्या वर्गात जाईल, तिथे मागे पडलेल्या मुलांना भरभर शिकवतात. तिची वह्या-पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. झुमूरच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला, म्हणजे खोदेजालाच, कारखान्यात काम. आणि झुमूर चौदाची झाल्यावर तिला हवं असेल, तर तिची जागा राखून ठेवलेली.

खोदेजाने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हे सगळं कोण देणार?"

नेमकी गाठ तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी मी डेन्मार्कला फोन लावला. माझी वरिष्ठ लिसबेट. उंच, सरळ बोलणारी बाई, जिला मी पाच वर्षांत एकदाही कुणाला खोटं आश्वासन देताना पाहिलं नव्हतं. पण तिच्याही वर माणसं होती.

"वरून म्हणतायत, ऑर्डर बंद करा," ती म्हणाली. "वर्तमानपत्रात आलं तर काय?"

"ऑर्डर बंद केली तर तिथल्या चारशे बाया घरी बसतील आणि त्यांचीही मुलं कामाला लागतील," मी म्हटलं. "आपण एका मुलीपासून सुरुवात केली आणि संपवलं चारशे घरांवर, असं होईल. लिसबेट, पळून जाणं म्हणजे हात धुणं नव्हे."

वाहिद साहेब समोरच बसले होते. फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि आपली मोडकी इंग्रजी गुंडाळून ठेवून बांगलातच तोफ सोडली. मी भाषांतर करत गेले.

"बाईसाहेबांना सांग, मीही नऊ वर्षांचा असताना होजियरीत लागलो होतो. मेलो का? ते राहू दे, ती माझी चूक मानतो, मुलं ठेवायला नको होती. पण त्यांना विचार, बोट भरायला तीन आठवडे उरले असताना बटणांचा रंग कुणी बदलला? सगळी बटणं काढून पुन्हा लावली. तारीख एक दिवस पुढे सरकवली का? उशीर झाला की माल विमानाने पाठवायचा, आणि भाडं माझ्या माथी. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, शेजारच्या वस्तीत पोरी आहेत, धागे कापतील. मी हो म्हटलं. मी म्हटलं हो! पण मला हो म्हणायला लावलं कुणी, ते पण लिहा तुमच्या कागदात."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग लिसबेट म्हणाली, "बटणांचा रंग आमच्या टीमने बदलला. ते बरोबर आहे."

त्या एका वाक्यासाठी मला लिसबेट आजही आवडते.

शेवटी ठरलं ते असं. खर्च निम्मा वाहिद साहेबांचा, निम्मा कंपनीचा. ऑर्डर चालू. पुढच्या हंगामात माल ठरल्यावर रंग बदलला, तर तारीखही बदलायची. फक्त मुख्य ऑफिसने एक अट घातली, की मुलगी महिन्यातले बहुतेक दिवस वर्गात हजर नसेल, तर त्या महिन्याचे पैसे नाहीत. कागदावर ती अट रास्त दिसत होती.

*

झुमूर वर्गात जायला लागली आणि माझ्या आयुष्याला एक नवी कटकट लागली. दर महिन्याला मी भेटायला जायची, आणि ती माझीच तपासणी करायची.

"आपा, तुमचं लग्न का झालं नाही?"

"कामातून वेळ मिळाला नाही."

"म्हणजे तुम्हालाही कुणीतरी कामावरून काढायला पाहिजे." मग वहीत नाक खुपसून, "वर्गात माझ्याशेजारी सात वर्षांचा पोरगा बसतो. अक्षर काढताना जीभ बाहेर काढतो. त्याला माझ्याहून चांगलं येतं. मला लाज वाटते."

"मग त्याच्याकडून शीक."

"शिकतेच की. बदल्यात त्याची बटणं लावून देते. त्याच्या आईला धड लावता येत नाहीत."

तिच्या हाताला कामाची सवय होती. रिकामी बसली, की माझ्या साडीच्या पदराचे निघालेले धागे ती नकळत तोडत बसायची. मी काही बोलायची नाही.

एकदा मी गेले, तर वर्गात तिची जागा रिकामी होती. शिक्षिका म्हणाल्या, "येतच नाही ती हल्ली. आधी भावाला कडेवर घेऊन यायची. तो पाटी चाटायचा, रडायचा. मी म्हटलं, बाई गं, इथे तान्ही मुलं नको. तेव्हापासून नाही आली."

मी कारखान्यात गेले. तिथे खोदेजा मान वर करून बघेना. महिन्याचे पैसे थांबले होते. अट होती ना. हजेरी भरली नाही, म्हणून कारखान्याच्या ऑफिसातल्या मुलाने नियमाप्रमाणे पैसे पाठवले नव्हते.

"झुमूर कुठे आहे?"

"घरी," खोदेजा म्हणाली. पण घरी कुलूप होतं.

मोर्जिनाने मला जिन्यात गाठलं. "आपा, मी सांगितलं असं सांगू नका. रेल्वे फाटकाच्या पलीकडे गल्ली आहे. मशिनचा आवाज येईल तिकडे जा. पाटी नाही."

मी वाहिद साहेबांना गाठलं. "चाचा, चला."

"मी? मी कशाला?"

"मला एकटीला दार उघडणार नाहीत. तुम्हाला उघडतील. तुम्ही होजियरीवाले."

ते चिडले, टोपी घातली, आणि निघाले. वाटेत रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले, म्हणजे मनातून घाबरले होते.

ती खोली खाली अंधारी आणि वर पत्रा. आत पाच-सहा शिलाई मशिनं, चिंध्यांचे ढीग, हवेत कापसाची धूळ. कुण्या परक्या देशाचं नाव नव्हतं तिथल्या मालावर, बाजारात विकायच्या स्वस्त बनियनी होत्या. आमची कंपनी, तिचे नियम, मी, यातलं काहीही इथे पोचत नव्हतं. कोपऱ्यात चिंध्यांच्या टोपलीत टुनू झोपला होता. शेजारी झुमूर धागे कापत होती. आणि तिच्या पलीकडे, तिच्याहूनही लहान, एक मुलगी. झुमूरने आम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "आपा, ही पारुल. तुम्ही शोधत होता ना? मी शोधून काढली."

माझे डोळे भरून आले आणि मला रागही आला. "तू इथे का आलीस?"

"आई कामावर. टुनूला कोण बघणार? शाळेत तो चालत नाही. घरी बसले तर पैसे बंद. इथे टुनू चालतो." तिने सरळ हिशेबासारखं सांगितलं. "तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं?"

आम्ही आईला काम दिलं, लेकीला शाळा दिली आणि टुनू कुठे राहील, हे कुणी विचारलंच नव्हतं.

वाहिद साहेब टोपलीजवळ गेले. टुनू जागा झाला आणि त्यांची मेंदी लावलेली दाढी धरून बसला. सोडेना. त्या खोलीचा मालक पुढे आला, त्याला काय वाटलं कोण जाणे, पण नारायणगंजातला जुना होजियरीवाला दाढी सोडवून घ्यायला धडपडतोय, हे बघून तोही वाट सोडून उभा राहिला.

"चला पोरींनो," वाहिद साहेब म्हणाले. "दोघी. आणि हा दरोडेखोर पण."

*

कारखान्यात बालसंगोपनाची खोली होती. कायद्यानेच लागते, बाया इतक्या असल्या की. ती होती पहिल्या मजल्यावर, गुलाबी रंगाची, भिंतीवर हत्ती, आत पाळणे, खेळणी. खेळणी अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत होती आणि दाराला कुलूप. तपासणीच्या दिवशी उघडायचं. त्या दिवशी दोन बायका आपली मुलं घेऊन तिथे हसत बसायच्या, मी गेले की पुन्हा कुलूप.

"किल्ली," मी म्हटलं.

"बेटी, खेळणी खराब होतील," वाहिद साहेब हळूच म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली काढली.

पहिल्या दिवशी फक्त टुनू होता. बायांचा विश्वासच बसेना, पैसे कापतील, टिंगल होईल. आठवड्याने सहा मुलं झाली. सांभाळायला वस्तीतलीच एक प्रौढ बाई, राबेया खाला, पगारावर ठेवली. दूध कारखान्याचं. तान्ह्यांच्या आयांना मधे जाऊन पाजायची मोकळीक. वाहिद साहेब रोज जाता जाता तिथे डोकावायचे आणि "काय गोंधळ आहे!" म्हणत निघून जायचे, खिशातून बिस्किटं काढून देऊन.

पारुलच्या घरी कुणीच नव्हतं, एक आजी होती ती आंधळी. तिच्यासाठीही तीच व्यवस्था केली. पैसे आजीच्या नावे, लक्ष शेजारणीचं, भेट माझी. शिवाय कागदावरची ती हजेरीची अट काढून टाका, म्हणून मी लिसबेटला सांगितलं. "मूल आलं नाही, तर पैसे थांबवायचे नाहीत. आधी जाऊन का आलं नाही ते विचारायचं."

"मी स्वतः येऊन बघते," लिसबेट म्हणाली.

ती आली पौषात, थंडीत. खोदेजाच्या खोलीत चटईवर मांडी घालायचा प्रयत्न करून पाय एका बाजूला टाकून बसली. खोदेजाने तिला खिचुडी वाढली, वर तळलेल्या मिरचीचा तुकडा. लिसबेटने तो मोठ्या धीराने खाल्ला आणि लाल झाली. झुमूरला हसू आवरेना. तिने पाणी दिलं, आणि मग आपली वही. वाचून दाखवली. मधेच अडली, बोटाने ओळ धरली, पुन्हा वाचली.

खोदेजा म्हणाली, "आपा, या बाईंना एक विचारा. पैसे कधीपर्यंत?"

लिसबेट म्हणाली, "कराराप्रमाणे चौदा पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर ती कायद्याने काम करू शकते. तिची जागा राखून आहे."

मी सांगितलं. खोदेजाने ताटातला भात एका बाजूला केला.

"झुमूरचा वाढदिवस श्रावणात. परीक्षा मार्गशीर्षात. म्हणजे श्रावणात ती पाचवीत असेल, आणि पाचवी अर्धी सोडून तुमची कात्री धरायला यायची? चौदा पूर्ण झाले की भूक कमी होते का? की शाळा संपते?"

मी हे जसंच्या तसं सांगितलं. लिसबेटने झुमूरकडे पाहिलं. झुमूर लिसबेटच्या स्वेटरच्या बाहीवरचा एक सुटलेला धागा न्याहाळत होती, तोडू की नको अशा विचारात.

"तोड," लिसबेट हात पुढे करत म्हणाली. भाषा कळली नाही, हात कळला. झुमूरने दातांनी धागा तोडला.

परतताना गाडीत लिसबेट म्हणाली, "आम्ही तिला कामावरून काढलं कारण कायदा तसा आहे. ते बरोबरच होतं. पण तिच्याकडून जे घेतलं ते तिच्या घराचं जेवण होतं. ते भरून देणं म्हणजे दान नाही, मेहजबीन. आपण ते तिचं देणं लागतो. मी आठवीपर्यंतचं मागते. वर मला भांडावं लागेल."

"भांडा," मी म्हटलं. "मी कागद करून देते."

ती भांडली. किती, ते मला तिने कधी सांगितलं नाही. पण उत्तर आलं, की हजेरीची अट काढली, झुमूर आणि पारुल आठवी पूर्ण करेपर्यंत पैसे चालू राहतील आणि यापुढे असं मूल कुठेही सापडलं तर पैसे वयावर नव्हे, शिक्षणाच्या टप्प्यावर थांबायचं. वाहिद साहेबांनी आपला निम्मा वाटा कबूल करताना माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ती टुनूची बहीण आठवी पास झाली, तर मी जिलापी वाटणार. पण खर्च कंपनीचा."

*

सगळं गोड झालं असं नाही. पारुलला शिक्षण झेपलं नाही. तिसरीनंतर ती शिवणाच्या वर्गात गेली. तिथे ती हसते, एवढं खरं. एका वर्षी वाहिद साहेबांच्या ऑर्डरी घटल्या, तेव्हा त्यांनी पैसे उशिरा पाठवले. मला जाऊन भांडावं लागलं आणि त्यांनी त्या भांडणात मला दोनदा लेक आणि तीनदा सावकारीण म्हटलं.

झुमूर चौदाची झाली तेव्हा मी ठरल्याप्रमाणे तिला समोर बसवून विचारलं. राखलेली जागा तिची आहे, कमी तासांचं काम, हवं तर घे, नको तर शाळा चालू ठेव, पैसे चालूच राहतील. तिने माझ्या पदराचा एक धागा तोडला. मग म्हणाली, "वाहिद चाचांना सांगा, जागा ठेवा. मला गणितात नापास व्हायचं बाकी आहे, ते झालं की बघू."

गणितात ती खरंच नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. आठवीचा निकाल लागला त्या दिवशी ती निकाल घेऊन आधी कारखान्यात आली. खोदेजा मशिनवर होती, उठता येत नव्हतं, लाईन अडली असती. तेव्हा सुपरवायझरनेच, नवा होता तो, खोदेजाच्या मशिनवर बसून लाईन धरली.

मायलेकी जिन्यात उभ्या होत्या. खोदेजाला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटा धरला होता.

"यात काय लिहिलंय?"

झुमूरने कागद सरळ केला आणि एक-एक विषय वाचून दाखवायला लागली. गणित तिने सगळ्यात शेवटी वाचलं, आणि हळू आवाजात.